अठ्ठाविसाव्या दिवसाआधी

त्या सकाळी मी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या वर्गाला गर्भाची वाढ शिकवत होते. फळ्यावर तीन चित्रं काढली होती. पहिल्यात पेशींची सपाट पट्टी, दुसऱ्यात तिच्याच दोन्ही कडा वर उचलून झालेली पन्हळ, तिसऱ्यात त्या कडा एकमेकींना चिकटून झालेली नळी. "हीच न्यूरल ट्यूब," मी सांगत होते. "हिच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालच्या लांब भागाचा मज्जारज्जू. मधून शिवण मिटायला लागते आणि दोन्ही टोकांकडे सरकत जाते. वरचं तोंड पंचविसाव्या दिवसाच्या आसपास बंद होतं, खालचं अठ्ठाविसाव्या."

एवढ्यात शिपाई दारात आला. "मॅडम, लेबर रूममधून बोलावणं हाय. तुमच्या भावजयीचं."

माझ्या धाकट्या भावाची बायको आदल्या संध्याकाळी घाटनांदूरहून आली होती. पहिलीच खेप. आमच्या आईनं तिच्यासोबत शेपा-बाळंतशेपा, जुनी लुगडी, सगळं बांधून दिलं होतं. मला वाटलं, झालं बाळ. हातावरचा खडू झटकत मी मोठ्या आनंदानं निघाले.

लेबर रूममधल्या सिस्टरनं मला आडोशाला नेलं. बाळ पालथं ठेवलं होतं. मुलगी होती, रंगानं छान, रडत होती. कमरेच्या खाली, पाठीच्या मधोमध, पेरूएवढा फुगा होता. त्याच्यावर कातडी नव्हती, पातळ पापुद्रा होता, आणि त्यातून स्वच्छ पाणी पाझरत होतं. मध्यभागी तांबूस सपाट पट्टी दिसत होती.

ती पट्टी मी ओळखली. दहा मिनिटांपूर्वी मी ती फळ्यावर काढली होती.

 पुस्तकात चित्र बघणं वेगळं. इथे आमच्या घरच्या मुलीचा मज्जारज्जू उघड्यावर होता, आणि मी टेबलाची कड धरून उभी होते. सिस्टर सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक कापड त्यावर हलक्या हातानं ठेवत होती. बालरोगाच्या डॉक्टरांनी बाळाच्या तळपायाला चिमटा काढला. पाय हलला नाही. दुसऱ्याला काढला. तोही नाही. मांडीला काढला तेव्हा बाळानं मांडी आखडली आणि ओरडलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 

पलीकडून भावजयीचा आवाज आला. "ताई आल्या का? ताई, पाठीवर काय हाय तिच्या? मला दाखवंनात कावून?"

मी तिच्याजवळ गेले. तिचा हात धरला. ती तेव्हा वीस वर्षांची होती. "पाठीचा एक भाग बंद झालेला नाही," मी म्हणाले. "ऑपरेशन करावं लागेल. औरंगाबादला न्यावं लागेल. आजच."

"जगंल का पण?"

"जगेल," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

औरंगाबादला दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सर्जननी मज्जारज्जू आत घेतला, त्यावरची आवरणं शिवली, वरून कातडी ओढून घेतली. मी बाहेर बाकावर भावाशेजारी बसले होते. भाऊ किराणा दुकान चालवतो, फार बोलणारा नाही. त्यानं एकदाच विचारलं, "अक्का, आता पाय हलतीन ना?"

मी नाही म्हणाले. ऑपरेशन जंतू आत जाऊ नयेत म्हणून, आणि पाणी पाझरायचं थांबावं म्हणून. पायाचं काही सांगता येत नाही. तो खाली मान घालून बसला. थोड्या वेळानं उठून नळावर तोंड धुवून आला.

तिसऱ्या आठवड्यात बाळाचं डोकं वाढायला लागलं. मेंदूतलं पाणी वाहून जायची वाट अडली की असं होतं, आणि अशा बाळांत ती बऱ्याचदा अडते. पुन्हा औरंगाबाद. डोक्यातून कातडीखालून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली. शंट. तेव्हापासून आमच्या घरात शिवायचा टेप खुंटीला लटकू लागला. दर रविवारी डोक्याचा घेर मोजायचा. आकडा अर्धा सेंटिमीटर जास्त आला की घरात कोणी जेवत नसे.

आईनं तोपर्यंत कारण शोधून काढलं होतं. ऐन दिवाळीत, भावजयीला दिवस असताना, सूर्यग्रहण झालं होतं. त्या दिवशी तिनं विळीवर कांदा चिरला होता, असं शेजारणीनं पाहिलं होतं म्हणे. "मी सांगून सांगून थकले," आई म्हणायची, "उतानी पडून राहा, हात लावू नको कशाला. आईकलं न्हाई." ती हे रागानं म्हणत नसे. नातीला मांडीवर पालथी झोपवून, तिच्या पाठीवरच्या व्रणाला तेल लावत म्हणायची. ते जास्त लागायचं. भावजय ऐकून घ्यायची. विळी तिनं हातात घेणंच सोडलं. भाजी मोडून घालायची, नाहीतर आईला चिरायला द्यायची.

मूल वर्षाचं झालं तेव्हा तपासणीसाठी ती माझ्याकडे आली. बाळाचं डोकं मोजून झालं, डॉक्टर ठीक म्हणाले. घरी जायची एसटी दुपारची होती. मी तिला आमच्या विभागात घेऊन गेले. प्रयोगशाळा रिकामी होती. बाळ बाकावर गोधडीत झोपलं होतं.

तिथे कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाच्या काचपट्ट्या होत्या, तासांप्रमाणे लावलेल्या. मी चोवीस तासांची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली लावली. "बघ."

तिनं पदर सावरला आणि डोळा लावला. बराच वेळ तिला स्वतःच्या पापण्याच दिसत होत्या. मग म्हणाली, "वरच्या अंगाला दोन रेघा हायत."

"त्या कडा आहेत. आता ही बघ, तेहतीस तासांची."

"वर मिटल्यात. खाली उघडंच हाय की."

"खालचं मागून मिटतं. माणसातही असंच. आपल्यात तासांऐवजी दिवस लागतात. गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत सगळं मिटून जातं. तुझ्या बाळाचं वरचं मिटलं, खालचं राहिलं."

ती डोळा काढून माझ्याकडे बघत राहिली. "अठ्ठावीस दिवस? तवा तर मला म्हाईतबी नव्हतं."

"पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कुणालाच माहीत नसतं."

"आणि गराण?"

"ग्रहणाला तुला पाचवा महिना संपत आला होता. पाठ चार महिने आधीच उघडी राहिली होती. विळीचा काही संबंध नाही."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिनं तोंडाला पदर लावला आणि आवाज न करता रडायला लागली. मी तिला रडू दिलं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग कशानं झालं?"

मी तिला सांगितलं ते असं. त्या कडा उचलायच्या तर तिथल्या पेशींना भराभर वाढावं लागतं, एकीच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक नव्या पेशीला आतला सगळा मजकूर नव्यानं लिहून घ्यावा लागतो, आणि त्या लिखाणाला फोलेट लागतं. ते पालेभाजीत असतं, डाळीत, शेंगदाण्यात. कमी पडलं तर पेशी मागे पडतात, आणि मिटायची वेळ निघून जाते. तिला दिवस राहिले तेव्हा वैशाख होता. आमच्याकडे वैशाखात पालेभाजी कुठली? मिळाली तरी दोनदा उकळून पाणी फेकायचं, त्यात असलेलं निम्मंअधिक निघून जायचं. शिवाय सोमवारचा उपास. "पण तेवढ्यानंच झालं असंही मी म्हणणार नाही," मी म्हणाले. "तुझ्या रक्तात किती होतं ते कुणी मोजलेलं नाही. काही जणींच्या अंगातच त्याचा वापर नीट होत नाही. दोन्ही मिळून होतं."

"त्याला औषध?"

"आहे. फोलिक ॲसिडची गोळी. दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची."

"आधीपासून म्हाईत होतं हे?"

 परदेशी नियतकालिकात ते आलेलं मी वाचलं होतं. तिच्या लग्नाच्या आधीच. वर्गात सांगायलाही लागले होते. लग्नात मी तिला साडी नेसवली, हळद लावली. गोळीचं काही मनातही आलं नाही. ते मला परीक्षेत विचारायचं वाटत होतं, घरात सांगायचं नाही.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "मी तुला सांगितलं नाही."

ती बाकावरच्या बाळाकडे गेली, त्याच्या तळव्यावर बोट फिरवलं. बाळाला कळलं नाही, ते झोपूनच होतं. मग पाठमोरीच म्हणाली, "ह्या नसा जोडता येत न्हाईत का, ताई? लाइटची वायर तुटली की जोडत्यात तशा."

हे तिनं पुढेही अनेकदा विचारलं, म्हणून मी काय सांगितलं ते लक्षात आहे. नस वायरसारखी कुणी ओढून नेत नाही. मज्जारज्जूतल्या पेशीतून एक धागा स्वतः वाढत निघतो, त्याला ॲक्सॉन म्हणतात. त्याच्या टोकाला बोटं असलेला पंजा असतो, तो चाचपडत पुढे जातो. नळीच्या तळातल्या पेशी काही रसायनं सोडतात. काही धाग्यांना ती जवळ ओढतात, काहींना दूर लोटतात. वाटेत ठिकठिकाणी असे इशारे असतात. त्यांच्या आधारानं कुणी मध्यरेषा ओलांडून मेंदूकडे जातो, कुणी बाहेर पडून पायाच्या बोटापर्यंत पोचतो. त्या काळात हे शोध नवे होते. मुंबईची मैत्रीण मला लेखांच्या झेरॉक्स पाठवायची. मी ते गोष्टीसारखे वाचायचे.

"हिचेही धागे निघाले होते," मी म्हणाले. "पण मज्जारज्जू उघडा राहिला. पोटातल्या पाण्यात महिनोन् महिने घासत, झिजत राहिला. धागे मेले, ज्यांतून ते निघाले त्या पेशीही मेल्या. आता पुन्हा निघायला पेशीच नाहीत. आणि असत्या तरी वाट दाखवणारे ते इशारे त्या दिवसांपुरतेच असतात. मोठ्या मज्जारज्जूत तुटलेला धागा पुन्हा वाट काढत नाही."

तिनं मान हलवली. एसटीची वेळ झाली होती.

दोन वर्षांनी भावानं विचारलं, आणखी एक मूल व्हावं असं वाटतं, काय करू? मी दोघांना समोर बसवलं. एकदा असं बाळ झालं की पुन्हा होण्याची भीती इतरांपेक्षा बरीच जास्त. गोळी मोठ्या मात्रेची, पाच मिलिग्रॅमची. रोज एक. तीन महिने घेतल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नाहीत, आणि राहिल्यावरही तीन महिने चालू. त्यानं भीती पुष्कळ कमी होते, पण सगळी जात नाही, हेही सांगितलं. भावजयीनं सहा महिन्यांच्या पिवळ्या गोळ्या पिशवीत घेतल्या आणि निघाली.

चारेक महिन्यांनी ती पुन्हा आली, मुलीच्या शंटच्या तपासणीला. व्हरांड्यात तिनं मला थांबवलं. 

"ताई, गोळ्या सासूबाईंनी फेकल्या."

"कधी?"

"बारा दिस झाले. पत्र्याच्या डब्यात ठिवल्या होत्या, त्यास्नी घावल्या. त्यास्नी वाटलं पाळणा लांबवायच्या हायत. 'घरात एक पोर आसं, आन् ही दुसरं होऊ देईना,' म्हणल्या. चुलीत टाकल्या."

"तू सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. आईकलं न्हाई. म्हणल्या, पोट राहायच्या आधी कुणी औषध घेतं का." ती थांबली. "आणि पाळी चुकली. सा दिस झाले."

मी मनातल्या मनात मोजायला लागले. आधीची पाळी कधी आली ते विचारलं. तिनं तारीख नाही, वार आणि बाजार सांगितला. त्यावरून पस्तीस दिवस झाले होते. गर्भ राहून विसेक दिवस. एकवीस, फार तर बावीस. पन्हळ वर आली असेल. आज, उद्या, या व्हरांड्यात आम्ही उभ्या असताना, मधली शिवण मिटायला सुरुवात होत असेल. आणि त्यातले शेवटचे बारा दिवस ती गोळीशिवाय होती.

मी तिला घेऊन धावत औषधाच्या दुकानात गेले. गोळीची पट्टी फोडून तिथल्याच काउंटरवरच्या पाण्यानं तिला गोळी दिली.  तिनं घेतली, गिळली, आणि माझ्याकडे बघत राहिली, जणू आता मी सांगेन की झालं, वाचलं.

मला जे ठाऊक होतं ते मी तिला सांगितलं. तीन महिने घेतलेलं फोलेट एका दिवसात संपत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशींत ते साठतं, हळूहळू उतरतं. बारा दिवसांत सगळं गेलं नसेल. "नसेल?" तिनं विचारलं. "नसेल," मी म्हणाले. यापुढे माझं शिक्षण जात नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर घाटनांदूरला गेले. आईपुढे बसले. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तरी चढला. "आई, त्या गोळ्या मूल होऊ न देणाऱ्या नव्हत्या. मूल धड व्हावं म्हणून होत्या. मी दिल्या होत्या."

आईनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तू दिलत्यास? मला कावून सांगितलं न्हाईस?"

 भावजयीला सांगितलं, भावाला सांगितलं. घरात कोण काय ठरवतं हे मला ठाऊक असून आईला वगळलं होतं.

"मी जाळल्या," आई हळूच म्हणाली. नात तिच्याजवळ हातांवर सरकत आली होती, पाय मागे ओढत. आईनं तिला उचललं नाही. तशीच बसून राहिली. दुसऱ्या दिवसापासून सकाळच्या चहाबरोबर गोळी आईच द्यायला लागली. गिळेपर्यंत समोर उभी राहायची.

पुढचे तीन महिने मी कसे काढले ते मला धड सांगता येत नाही. वर्गात तो धडा आला तेव्हा मी सहकाऱ्याला शिकवायला सांगितला.  रस्त्यात कुणी मूल पाठुंगळी घेतलेलं दिसलं की नजर त्याच्या कमरेवर जायची.

अठरावा आठवडा लागल्यावर आम्ही लातूरला सोनोग्राफीला गेलो. त्या काळात सोनोग्राफी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असे. बाहेर बसलेल्या एका बाईनं विचारलंच, "पोराचं बघायला आलात का?" भावजय म्हणाली, "पाठ बघायला आलोत." त्या बाईला काही कळलं नाही.

डॉक्टरांना मी सगळं आधी सांगितलं. त्यांनी प्रथम डोकं पाहिलं. पाठ उघडी असली की कवटी पुढून लिंबासारखी चेपलेली दिसते, आणि मागचा छोटा मेंदू खाली ओढला जाऊन केळ्यासारखा वाकतो. मी पडद्याकडे बघत होते आणि मला सगळंच लिंबासारखं दिसत होतं.

"डोकं ठीक वाटतंय," डॉक्टर म्हणाले. मग पाठीकडे वळले. यंत्र इकडून तिकडे फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. "बाळ पाठ टेकवून पडलंय. खालचा भाग दिसत नाही. बाहेर जरा फिरा, काहीतरी गोड खा. अर्ध्या तासानं बघू."

त्या अर्ध्या तासात भावानं पेढे आणले. भावजय रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत होती, मी तिच्यासोबत. ती एकदम म्हणाली, "ताई, आसलं तसंच तर?"

"मग ठरवू."

"काय ठरवायचं? एक हाय की घरात. तिला आमी फेकून दिली का?" आणि लगेच, लहान आवाजात, "पण मला लई भ्या वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले. त्याहून खरं मी त्या सगळ्या महिन्यांत काही बोलले नव्हते.

आत गेलो. बाळ कुशीवर वळलं होतं. डॉक्टरांनी मानेपासून सुरुवात केली. मणक्यांच्या ठिपक्यांच्या दोन ओळी, मण्यांसारख्या, शेजारी शेजारी. मी मोजत खाली येत होते. कमरेपाशी आले. उघड्या पाठीत तिथे ओळी एकमेकींपासून फाकतात. या फाकल्या नाहीत. जवळ येत येत शेवटी टोकाला मिळाल्या. वर कातडीची अखंड रेघ होती.

"बंद आहे," डॉक्टर म्हणाले.

भावजयीनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांवर तिचा विश्वास नव्हता, मी सांगायला हवं होतं.  मी नुसती मान हलवली, दोनदा, तीनदा.

तरी भीती गेली नाही. बाळ झालं तेव्हा मी लेबर रूममध्येच होते. मुलगा. सिस्टरनं तो पुसून माझ्या हातात दिला. मी त्याला पालथं घेतलं आणि मानेपासून खालपर्यंत एकेक मणका बोटानं चाचपला. मग तळपायाला चिमटा काढला. त्यानं पाय असा झाडला की माझ्या मनगटाला लागला. तेव्हा कुठे मी रडले.

आम्हाला गोळीनं वाचवलं, की त्या बारा दिवसांत उरलेल्या साठ्यानं, की नुसतंच झालं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मोठी मुलगी पुढे पायात लोखंडी पट्ट्यांचे बूट घालून, काखेत कुबड्या घेऊन शाळेत जायला लागली. लघवीची संवेदना नाही, म्हणून दर चार तासांनी स्वच्छ नळीनं काढावी लागते. ते ती आठव्या वर्षी स्वतः शिकली. शंट एकदा बंद पडला होता, तेव्हा पुन्हा औरंगाबाद झालं. हुशार आहे, हट्टी आहे, पायात काटा रुतला तरी तिला कळत नाही म्हणून रोज रात्री आमची आई तिचे दोन्ही तळवे दिव्यापुढे धरून बघते.

भावजय आता गल्लीत लग्न होऊन आलेल्या प्रत्येक मुलीकडे जाते. ओटी भरते, चहा घेते, आणि सासूला बाहेर जायला न सांगता, तिच्यासमोरच विचारते, "पोरी, गोळी चालू हाय का? पाळी चुकायची वाट बघू नको." काही सासवा हसतात. एकीनं तिला हाकललंही. ती दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेली, या वेळी आमच्या आईला बरोबर घेऊन.